‘पहिला उंबरठा’ला माझी हरकत

आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. तिला एक साडी दिली, जेवू घातलं की काम भागतं. बँकेच्या कर्जाचं नाव ठेवायला मात्र पुण्याहून माणूस येतो, दोन दिवस हॉटेलात राहतो, तीन हप्त्यांत फी घेतो आणि वर आपल्यालाच विचारतो, ‘सर, तुम्हाला आतून काय वाटतं?’ मला आतून जे वाटत होतं ते मी बाहेर बोललो. त्या बोलण्यापायी माझी संचालकाची खुर्ची जायची वेळ आली होती. त्याचीच ही हकीकत.

माझं साकोलीला हायवेला लागून सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. सुरुवात चिखल्याहून मँगनीज नेणाऱ्या ट्रकवर क्लीनर म्हणून केली. मग पाडलेल्या घरांची दारं-चौकटी विकत घेऊन विकू लागलो, मग विटा, मग सिमेंट. कोणाच्या बापाच्या नावावर काही मिळालं नाही. ऐन तिशीत घर बांधायला निघालो तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत कर्ज मागायला गेलो होतो. त्यांच्या त्या वेळच्या योजनेचं नाव काहीतरी ‘सुखी संसार’ असं होतं. भिंतीवर हसरं कुटुंब, कौलारू घर, दारात गाय. साहेबाने माझे कागद दोन बोटांनी उलटले आणि म्हणाला, ‘तुमचं उत्पन्न कागदावर दिसत नाही.’ खिशात रोकड होती, हातांना घट्टे होते, पण ते कागदावर दिसत नव्हते. खरं तर ती योजना पगारदारांसाठीच होती. भिंतीवर तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ‘सुखी संसार’ वाचून मी मूर्खासारखा दोन तास रांगेत उभा राहिलो होतो.

घर मी कर्जाशिवाय बांधलं, एकेक खोली करत. बँकेला मात्र विसरलो नाही. सभासद झालो, ओळखीच्यांना सभासद केलं आणि एका निवडणुकीत साकोलीकडच्या मतांवर संचालक म्हणून निवडून आलो. भंडाऱ्याच्या मुख्य कार्यालयात त्या साहेबाच्याच मजल्यावर बसायला लागलो. तो तोवर निवृत्त झाला होता, हे एक वाईट झालं.

तर या बँकेने पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी नवं गृहकर्ज काढायचं ठरवलं. योजना चांगली होती. चांगलं असेल ते मी शत्रूचंही कबूल करीन. प्रक्रिया शुल्क कमी, कागदपत्रांसाठी शाखेत एक माणूस मदतीला, व्याजदर मात्र बाजाराप्रमाणे बदलणारा. फक्त नाव हवं होतं. अध्यक्षांनी ते काम पुण्याच्या एका संस्थेला दिलं. का दिलं, तर त्या संस्थेत त्यांच्या जावयाचा मित्र होता. हे कोणी बोललं नाही, पण कोणाला माहीत नव्हतं असंही नाही.

जावयाचा तो मित्र म्हणजे पस्तिशीतला, पांढरे बूट घातलेला गृहस्थ. धानाच्या बांधीतल्या चिखलात पाऊल टाकायची वेळ त्या बुटांवर कधी आली नसावी. त्याने पडद्यावर मोठ्या अक्षरांत दोन शब्द दाखवले : ‘आश्वासक’ आणि ‘स्पष्ट’. नाव या दोन्ही कसोट्यांना उतरलं पाहिजे, म्हणाला. हे मला पटलं. त्याच्या तोंडून मला पटलेली ती पहिली आणि जवळजवळ शेवटची गोष्ट.

मग नावं आली. साठांतून निवडलेली पाच. पहिलं ‘निश्चिंत’. कर्ज विभागाच्या मॅडम लगेच बोलल्या. या मॅडम तुमसरकडच्या, बँकेत वीस वर्षं घासलेल्या, आणि त्या खोलीतल्या एकमेव व्यक्ती ज्यांनी खरोखर कर्जाचे अर्ज भरून घेतले होते.

‘हे नाही चालत, सर. व्याजदर बदलणारा हाय. उद्या दर चढला, हप्ता वाढला, तर माणूस विचारीन, निश्चिंत लिहिलं होतं ना? जे आपण देऊ शकत नाही ते नावात लिहायचं नाही. नियमात बसत नाही.’

‘निश्चिंत’ गेलं. ‘हक्काचा निवारा’ही गेलं, कारण कर्ज हा कोणाचा हक्क नसतो, ते नाकारलंही जातं. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. एक नाव ट्रेडमार्क नोंदणीच्या तपासणीत अडकलं. कोण्या दुसऱ्या कंपनीने वित्तसेवांच्या वर्गात तेच नाव आधीच नोंदवलं होतं. एक हिंदीत वाचलं तर भलतंच वाटत होतं. उरलं ‘पहिला उंबरठा’.

‘यात ऊब आहे,’ पुण्याचा म्हणाला. ‘नवं जोडपं, पहिलं पाऊल, माप ओलांडणं. आम्ही ऑनलाइन पाहणी केली. लोकांना ते खूप जवळचं वाटलं.’

‘कोणत्या लोकायले?’ मी विचारलं.

‘पुणे, ठाणे, नाशिक…’

‘भंडारा?’

‘सर, मराठी माणूस म्हणून भावना सारख्याच असतात.’

असा माणूस मला चालत नाही. भावना सारख्या असतात म्हणणारा माणूस एक तर आळशी असतो, नाही तर विकायला आलेला असतो. हा दोन्ही होता. आणि त्याच्या पाहणीत ‘कर्ज’ हा शब्दच नव्हता. त्याने तो पत्रकाच्या अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत ठेवला होता. म्हणे तो शब्द नकारात्मक आहे.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, ‘उंबरठ्यावर उभं राहून आमच्याकडे कोणी पैसा देत नाही आन घेत बी नाही. आमची माय उंबरठ्यावरून मीठसुद्धा देत नव्हती. घ्यायचं तर आत ये, नाही तर बाहेर थांब. आन उंबरठ्यावर कोण उभा राहतो? ज्याले आत घ्यायचं नाही तो. तुम्ही गिऱ्हाइकाले दारातच उभं करून राहिले.’

‘ते रूपक आहे, सर,’ पुण्याचा म्हणाला. शांतपणे म्हणाला, त्याचाच जास्त राग आला.

एक संचालक हसले. राइस मिलवाले, वाडवडिलांची इस्टेट, स्वतः कमावलं म्हणावं तर एक पोट. ‘विटावाले शेठ आज साहित्यावर बोलून राहिले!’

सगळे हसले. अध्यक्षही. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी टेबलाकडे पाहिलं, तेही मला लागलं. आणि रागात माणूस जसं बोलतो तसं मी बोललो :

‘लिहून घ्या. हे नाव आमच्या लोकायले चालत नाही. उंबरठ्यावर कोणी हरकत घेतली नाही तर मी संचालकपद सोडतो.’

‘लिहून घ्या,’ अध्यक्ष सचिवाला लगेच म्हणाले. इतक्या तत्परतेने त्यांनी माझं काहीच कधी लिहून घेतलं नव्हतं.

पण मी नुसता तोंडाचा माणूस नाही. त्या संस्थेबरोबर झालेला करार सगळ्या संचालकांना मिळाला होता आणि तो पूर्ण वाचणारा मी एकटाच होतो. सिमेंटच्या कंपन्यांचे करार वाचून माझे डोळे असल्या कागदाला सरावले आहेत. चौथ्या पानावर लिहिलं होतं की निवडलेलं नाव बँकेच्या किमान एका शाखेत खऱ्या ग्राहकांसमोर तपासलं जाईल आणि फीचा शेवटचा हप्ता त्यानंतर. मी ते पान काढून टेबलावर ठेवलं. पुण्याच्या माणसाचं रूपक थोडं सैल पडलं.

‘कोणती शाखा?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘साकोली. आठवडी बाजाराच्या दिवशी.’

*

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘खुर्ची कायले लावली? नाव चांगलंच तर हाय.’

मी जेवलो नाही. ती जेवली.

बाजाराच्या दिवशी शाखेत एका बाजूला टेबल मांडलं. पोस्टर लावलं : तोरण बांधलेली चौकट, आलता लावलेले पाय, वर ‘पहिला उंबरठा’. मॅडमनी रीत ठरवून दिली होती. नाव समजावून सांगायचं नाही. फक्त दाखवायचं आणि तीन प्रश्न विचारायचे : हे काय आहे असं वाटतं? हे कोणासाठी आहे? यात पैसे परत करावे लागतात का? मग ज्याला घर घ्यायचंय त्याला अर्ज दाखवायचा. मी लांब बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. हे मॅडमनी तीनदा सांगितलं.

पुण्याचा वहीत लिहीत होता. मीही माझ्या डोक्यात लिहीत होतो.

पहिला आला एक शिक्षक. ‘छान हाय नाव.’ मग एक ड्रायव्हर. ‘मस्त.’ भाजीचं गाठोडं घेऊन पैसे काढायला आलेली एक म्हातारी पोस्टरजवळ उभी राहिली, पायांच्या चित्राला हात लावला आणि म्हणाली, ‘लक्ष्मी हाय ना बाई. चांगलं हाय.’ उंबरठ्यावरून मीठ न देणाऱ्या वयाची बाई! तिला काही खटकलं नाही. पुण्याच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

दुपारपर्यंत वीसेक माणसं झाली. उंबरठ्याला एकाचीही हरकत नाही. कर्ज आहे हे निम्म्यांना कळलं नव्हतं. एकाने तर विचारलं, ‘यादी ग्रामपंचायतीत लागन का?’ त्याला ती सरकारी योजना वाटली. मॅडमनी ते लाल पेनाने लिहिलं. पण तो माझा मुद्दा नव्हता. माझा मुद्दा उंबरठा होता आणि तो हरत होता. मी मनात राजीनाम्याची भाषा जुळवू लागलो. रागाने लिहायचा की थंडपणे, एवढाच प्रश्न उरला होता.

एक गोष्ट मात्र माझ्या दुकानदाराच्या डोळ्याला दिसत होती. माल सगळे वाखाणत होते आणि हात कोणी लावत नव्हतं. माझ्या दुकानात टाइल्स बघून ‘वा वा’ करणारं गिऱ्हाईक कधी टाइल्स घेत नाही. घेणारा खोड काढतो. इथे खोड काढणारा एकही नव्हता. अर्जांचा गठ्ठा सकाळी जेवढा होता तेवढाच.

तेव्हा ती दोघं आली. बाई ग्रामीण रुग्णालयात नर्स, नवरा एका दुकानात हिशेबाला. माझ्याकडे सिमेंटचे भाव विचारायला दोनदा येऊन गेली होती, म्हणून ओळखत होतो. साकोलीत दोन खोल्यांत भाड्याने राहायची आणि गावाबाहेरच्या नव्या घरांपैकी एक बघून ठेवलेलं. हे कर्ज ज्यांच्यासाठी काढलं, ती नेमकी हीच माणसं.

नर्सबाईंनी पोस्टर वाचलं. ‘छान हाय जी.’

‘कोणासाठी वाटते?’ मॅडमनी विचारलं.

‘ज्याले घर नाही त्याच्यासाठी.’

‘मग तुमच्यासाठीच ना?’

‘नाही, आमचं घर हाय ना. यायच्या गावाले.’ त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. ‘आमचं पहिलं नाही होत हे.’

‘तिकडे कोण राहते?’

‘सासू-सासरे, मोठे जेठ, त्यायचे लेकरं. आम्ही सणाले जातो.’

‘घर कोणाच्या नावानं?’

‘सासऱ्याच्या बापाच्या. अजून तसंच हाय,’ नवरा म्हणाला. ‘पण हिस्सा हाय माझा.’

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग उचललं. ‘भाऊ, तो हिस्सा आम्ही धरत नाही. तुमच्या एकट्याच्या नावावर विकत घेतलेलं घर नसलं की झालं. तुम्ही बसता यात. हा अर्ज पाहा.’

नवऱ्याने अर्ज घेतला. हिशेबाचा माणूस, त्याने आधी पाठीमागची बाजू वाचली. आणि माझ्यासमोर त्याचा चेहरा उतरला. दुकानात भाव ऐकून गिऱ्हाइकाचा होतो तसा.

‘हे नाही करत मी सही,’ तो म्हणाला.

‘काहून?’

त्याने बोट ठेवलं. पाठीमागे घोषणापत्र होतं : ‘मी घोषित करतो की माझे किंवा माझ्या कुटुंबाचे कोठेही घर नाही व हे माझे पहिले घर आहे.’

‘हा कागद उद्या माझ्या भावाच्या हाती लागला तर? तो म्हणन, यानंच लिहून देल्लं का याचं गावाले घर नाही. मंग कायचा हिस्सा? बँकेचा शिक्का हाय वरून.’

‘असं कायद्यानं होत नाही, भाऊ. हक्क सोडायचा तर वेगळा नोंदणीचा दस्त लागते.’

‘कायद्यानं नाही होत. घरात होते,’ नवरा म्हणाला.

पुण्याचा लिहायचा थांबला होता. मीही खुर्चीत पुढे सरकलो. मॅडमनी माझ्याकडे डोळे वटारले, मी परत मागे सरकलो. पण आता मला गठ्ठा का हलला नाही ते कळलं होतं. सकाळच्या त्या शिक्षकाला मी ओळखत होतो, त्याचं नाकाडोंगरीला वडिलांचं घर. ड्रायव्हरचं असंच कुठेतरी. आमच्याकडे घर नसलेला माणूस नसतोच. पडकं असो, भिंत मातीची असो, सात जणांत वाटलेलं असो, कोण्या खोलीत आपली एक पेटी असते आणि तेवढ्यावर माणूस म्हणतो, आमचं घर हाय. ते ‘नाही’ म्हणणं म्हणजे बाप नाही म्हणण्यासारखं. ‘पहिला’ हा शब्द वाचला की प्रत्येकाने मनात त्या पेटीची आठवण केली आणि नाव वाखाणून बाजूला झाला. नाव ऊबदारच होतं. फक्त ज्यांच्यासाठी ठेवलं त्यांना ते हाकलत होतं.

आणि मी? मी उंबरठ्यावर अडून बसलो होतो. इथे जन्म गेला, माझं स्वतःचं वडिलोपार्जित घर चार भावांत अजून तसंच आहे, आणि मला ते दिसलं नाही. याची लाज मला त्या दिवशी वाटली नाही. त्या दिवशी आनंदच फार झाला.

मॅडम नवऱ्याला म्हणाल्या, ‘सही राहू द्या. मले एक सांगा. मग तुम्ही हे घर कायले घेऊन राहिले? गावाले आहे म्हणता.’

उत्तर नर्सबाईंनी दिलं. ‘तिकडचं सगळ्यायचं हाय, मॅडम. पहिलं-दुसरं कायचं करता? आमाले आमच्या नावावर घर पाहिजे. बस.’

मॅडमनी टेबलाखालून एक खोका ओढला, त्याचं झाकण फाडलं आणि मार्करने लिहिलं : नावावर घर. जरा थांबून खाली तेवढ्याच जाड अक्षरांत : गृहकर्ज.

‘हे म्हणजे फारच…’ पुण्याचा कुजबुजला. ‘यात भावना कुठे आहे?’

‘तिच्या तोंडावर पाहा ना,’ मी म्हणालो. तोंड उघडायचं नाही हा नियम मी मोडला.

बाजार संपेपर्यंत मॅडमनी ते पुठ्ठ्याचं झाकणच लोकांना दाखवलं. तेच तीन प्रश्न. आता लोक वाखाणत नव्हते. खोडी काढत होते. व्याज किती? बायकोचं नाव घालता येते का? नावावर म्हणता, मग तुमच्याकडे गहाण कायले? मॅडम सांगत होत्या, मालक तुम्हीच, घर तारण बँकेकडे, कर्ज फिटलं की तो बोजा उतरतो. चिखल्याच्या खाणीतल्या एका माणसाने सांगितलं, ‘कर्ज लिहिलं ते बरं केलं. नाही तर फुकटचं समजून आलो असतो आन फजिती झाली असती.’ संध्याकाळपर्यंत लोक गठ्ठ्यातले कोरे अर्ज मागून नेत होते. मॅडम घोषणापत्रावर तिरकी रेघ मारून एकेक देत होत्या.

*

मला वाटलं, जिंकलो. इतकी वर्षं सौदे करून मला एवढं कळायला हवं होतं की माल चांगला निघाला म्हणून सौदा आपला होत नाही.

पुढच्या सभेत अध्यक्षांनी आधीचं इतिवृत्त वाचायला लावलं. सचिवाने खणखणीत आवाजात वाचलं : ‘उंबरठ्यावर कोणी हरकत न घेतल्यास सदर संचालक पद सोडतील.’

‘चाचणीचा अहवाल?’ अध्यक्ष म्हणाले.

पुण्याच्या माणसाने पान उलटलं. ‘उंबरठा या शब्दाला हरकत : शून्य.’

राइस मिलवाले म्हणाले, ‘मग शेठ? साहित्य हरलं का?’

खोलीत तसलं हसू पसरलं, जे लग्नात कोणाची चप्पल हरवली की पसरतं. मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘पण नाव चाललं नाही, सर. कारण वेगळं निघालं.’

‘कारण वेगळं निघालं, म्हणजे या शेठचं कारण खोटं निघालं,’ अध्यक्ष म्हणाले. ‘आन पहिला उंबरठा काय वाईट हाय? घोषणापत्र बदलू. नाव राहू द्या. पत्रकं छापायला टाकली आपण.’

‘घोषणापत्रापर्यंत माणूस पोचतच नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘पोस्टर पाहूनच परत जाते.’

तेव्हा मला अध्यक्षांचा चेहरा नीट दिसला. त्यांना नावाचं काही नव्हतं. मी चुकलो, पुण्याचा चुकला किंवा लोक चुकले, हे सगळं त्यांना चाललं असतं. जावयाच्या मित्राला फी देऊन आणलेलं नाव बाजारात एका नर्सबाईने पाडलं, हे त्यांना चालत नव्हतं. सौद्यात समोरच्याला काय नको आहे ते कळलं की अर्धं काम झालं. म्हणून मी आवाज खाली आणला. माझ्या ओळखीचे लोक सांगतील, मी आवाज खाली आणतो तेव्हा घाबरायचं असतं.

‘अध्यक्षसाहेब,’ मी म्हणालो, ‘नवं नाव पुण्याच्या संस्थेनंच सुचवलं असं लिहा. ग्राहक चाचणीतून त्यायनंच काढलं. शेवटचा हप्ता द्या, मी अडवत नाही. माझं नाव कुठं नको.’

पुण्याचा एकदम ताठ बसला. अध्यक्षांनी चष्मा काढला. ‘आन?’

‘आन नाव “नावावर घर गृहकर्ज”. गृहकर्ज हा शब्द तेवढ्याच मोठ्या अक्षरात. घोषणापत्रात मॅडम देतीन ते वाक्य. आन माझ्या खुर्चीचं ते वाक्य इतिवृत्तात दुरुस्त करा. मी नावाले हरकत घेतली होती, उंबरठ्याले नाही, असं.’

‘तुम्ही उंबरठाच म्हटलं होतं.’

‘म्हटलं असन. काम जावयाच्या मित्राले देल्लं, ते बी इतिवृत्तात नाही. दोन्ही लिहायचं का?’

चष्मा परत नाकावर गेला. मग अध्यक्ष म्हणाले, ‘दुरुस्त करा,’ आणि राइस मिलवाल्यांनी चहाकडे लक्ष दिलं. नोंदणीची तपासणी झाली, नाव मोकळं निघालं. छापलेली पत्रकं रद्दीत गेली. पुण्याच्या माणसाने अहवालात लिहिलं की संस्थेच्या ‘सखोल क्षेत्रीय अभ्यासातून’ हे नाव उमललं. उमललं! खोक्याच्या झाकणावर.

मॅडमनी लिहिलेलं वाक्य असं होतं : ‘माझ्या स्वतःच्या नावावर विकत घेतलेले घर नाही. वडिलोपार्जित घरातील माझ्या हिश्शावर या घोषणेचा काहीही परिणाम होत नाही.’ इतकं साधं वाक्य लिहायला बँकेला वीस वर्षांचा अनुभव असलेली बाई लागली आणि ते लिहायला तिला कोणी एक पैसा जास्त दिला नाही. तिच्या पदोन्नतीचा विषय मी पुढच्या सभेत काढला. तो पुढे ढकलला गेला. अजून ढकलतच आहेत.

योजना सुरू झाली त्या आठवड्यात मी साकोलीच्या शाखेत गेलो. भिंतीवर नवं पोस्टर. चौकट नाही, पाय नाहीत. दाराशेजारी एक पाटी, तिच्यावर बाईचं आणि नवऱ्याचं नाव लिहायला दोन कोऱ्या ओळी. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘संकल्पना’ म्हणून पुण्याच्या संस्थेचं नाव. ते वाचायला मी चष्मा लावला, म्हणजे राग नीट यावा.

नर्सबाई आणि त्यांचा नवरा टेबलाशी होते. नवऱ्याने पाठीमागचं वाक्य वाचलं. परत वाचलं. दुसऱ्या ओळीवर बोट फिरवून बायकोला दाखवलं. मग सही केली, आणि बाईंनीही केली, कारण घर दोघांच्या नावावर होणार होतं.

जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. ‘शेठ, सिमेंटचा भाव कमी करा आता. घर घेऊन राहिलो आम्ही. कंपाउंड बांधायचं हाय.’

‘नाव आवडलं का, कर्जाचं?’ मी विचारलं.

त्यांनी पोस्टरकडे पाहिलं. ‘बरं हाय. समजते. पण यात काय एवढं? असं नाव तर कोणी बी ठेवलं असतं.’

मी सिमेंटचा भाव एक रुपयाही कमी केला नाही.